ज्यांच्या घरात फिल्म झाली, त्यांना लिहिलेलं पत्र



एरवी या वेळेला आम्ही तुमच्याशी बचत, कर्ज, हप्ता, व्याज असलं काहीबाही बोलत असतो. आज ते बाजूला ठेवतो. कारण गेल्या महिन्याभरात आम्हाला जेवढे फोन आले, त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीसाठी होते. "ताई, तुमच्या गटानं फिल्म केली म्हणे. यूट्यूबवर शोधली, सापडली नाही. लिंक पाठवा की."

लिंक नाही. फिल्म यूट्यूबवर टाकलेलीच नाही. का नाही टाकली, ते आम्ही एका पत्रात लिहिलंय, आणि आज ते पत्र तुम्हाला वाचून दाखवणार आहोत. ज्यांना लिहिलं त्यांना विचारून वाचतोय. त्यांनी एवढंच सांगितलं, की आमचं नाव आणि वस्तीचं नाव घेऊ नका. म्हणून त्यांना आम्ही आजी, वहिनी आणि दादा एवढंच म्हणू. आम्ही त्यांना तसंच हाक मारतो.

आधी फिल्मचं थोडक्यात सांगतो. आम्ही अकराजणी आहोत गटात. एका शिबिरात मोबाईलवर शूटिंग करायला शिकलो आणि अकरा मिनिटांची गोष्ट केली. गोष्ट तुमच्या ओळखीचीच आहे. गटातनं कर्ज निघतं बाईच्या नावावर, पैसे उचलतो नवरा, आणि हप्ता भरायची वेळ आली की बाई शेजारणीकडं हात पसरते. फिल्ममधली बाई एक दिवस पासबुक मागून घेते. एवढंच. नवऱ्याचं काम आमच्यातल्याच एकीनं फेटा बांधून केलंय, त्यावर लोक हसतात, हसू द्या.

या गोष्टीला घर पाहिजे होतं. आमच्यापैकी कुणाचंही चाललं असतं, पण आमची घरं एक तर पत्र्याची, नाही तर रस्त्याला लागून. पत्र्याच्या घरात बोललेलं घुमतं. रस्त्यावरच्या घरात दर दोन मिनिटांनी ट्रॅक्टर जातो आणि पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागतं. आजींचं घर जुनं माळवदी. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं माळवद. आत गेलं की बाहेरचा आवाज निम्म्यावर येतो. पिठाची गिरणीही लांब. आम्ही आधी दहा घरं हिंडून आलो होतो, या घराच्या माजघरात मिनिटभर गप्प उभं राहिलो आणि कळलं, की हेच.

मग घर मागायला गेलो. आणि इथंच आमची पहिली चूक झाली.

आम्ही दादांकडं गेलो. सकाळी ते डेअरीवर दूध घालायला येतात, तिथं गाठलं. "दादा, तीन दिवस घर पाहिजे फिल्मला." दादा म्हणाले, "घ्या की. घर काय पळून जातंय का?" आम्ही खूश होऊन परत आलो. बाईला न विचारता तिच्या नावावरचा पैसा उचलणाऱ्या नवऱ्याची गोष्ट आम्ही करणार होतो, आणि ज्या बाईच्या चुलीपुढं ती करणार होतो तिला विचारलंच नव्हतं. हे आम्हाला त्या वेळी सुचलं नाही. वहिनींना कळलं ते आदल्या दिवशी, आम्ही भांडी हलवायला दारात उभ्या राहिलो तेव्हा. त्या काही बोलल्या नाहीत. पदर खोचला आणि मांडणीवरचे डबे स्वतः उतरवून द्यायला लागल्या.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते पत्रात आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी आधी नीट सांगितल्या पाहिजेत, नाहीतर पत्र कळणार नाही.

पहिली फ्रिजची. मोबाईलला लावायचा छोटा माइक असतो, तो आपल्या कानासारखा नाही. आपला कान फ्रिजची घरघर, पंख्याचा आवाज, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बाजूला सारतो. माइक सगळं गोळा करतो, आणि बोलण्याखालची घरघर नंतर पूर्ण काढता येत नाही. म्हणून शूटिंग चालू असताना पंखा बंद, घड्याळातला सेल काढून ठेवायचा आणि फ्रिज बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आम्ही फ्रिज बंद केला. सात वाजता आवराआवर करून घरी गेलो. फ्रिज चालू करायचा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. घरच्यांनाही वाटलं, की लाइटचा काहीतरी घोळ असेल, सकाळी बघू.

वहिनींनी पहाटे सहाला दूध काढायला दार उघडलं तर आत सगळं कोमट. पंधरा तास झाले होते. दूध गेलं, आठ दिवसांची साठवलेली साय गेली. त्याचं काही नाही म्हणू. पण वरच्या कप्प्यात आजींच्या इन्शुलिनच्या दोन बाटल्या होत्या, एक वापरातली आणि एक न उघडलेली.

आजींची साखरेची सुई सात वाजता आणि न्याहारी साडेसातला, हा कित्येक वर्षांचा नेम. सुई वहिनीच देतात. त्या दिवशी वहिनी बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. हे औषध अजून चांगलं आहे की वाया गेलं, ते बघून कळत नाही. द्यावं तर भीती, न द्यावं तर भीती. आणि सुईशिवाय खायला घालायचं नाही, म्हणून आजी चहासुद्धा न घेता बसलेल्या. दादा गाडी काढून आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की वापरातली बाटली साधारण चार आठवड्यांपर्यंत फ्रिजबाहेर गार जागी ठेवली तरी चालते. माघाचा महिना आहे, जाड भिंतीचं घर आहे, तेव्हा ती वापरा. न उघडलेल्या बाटलीचीही फार काळजी नाही, पण मनात शंका असेल तर बदलून घ्या. हेच वैशाखात झालं असतं तर त्यांनी असं सांगितलं नसतं. आजींच्या तोंडात घास गेला तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

आम्ही नऊला पोचलो, तेव्हा दारातच हे कळलं. आमच्यातल्या दोघी तशाच मागं फिरल्या आणि तालुक्याच्या मेडिकलमधनं नवी बाटली घेऊन आल्या, बर्फाची पिशवी खाली आणि मध्ये कापड घालून, कारण इन्शुलिन गोठूनही चालत नाही. लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा आम्हाला दिवे द्यायला आला होता. तो म्हणाला, "मावशी, फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची. घरी जाताना किल्ली लागतेच, फ्रिज उघडावाच लागतो." एवढी सोपी गोष्ट. आदल्या दिवशी कळायला पाहिजे होती. आता आम्ही कुणाच्या घरात काही करायचं म्हटलं की पहिलं विचारतो, फ्रिजमध्ये कुणाचं औषध आहे का.

दुसरी गोष्ट याहून अवघड. तिला किल्लीसारखा उपाय नाही.

आठ मार्चला देवळाच्या सभामंडपात पडदा लावून फिल्म दाखवली. दोनशेच्या वर माणूस होतं. टाळ्या पडल्या, सरपंचांनी नारळ दिला, आम्ही हवेत. तिसऱ्या दिवशी वहिनी नळावर गेल्या, तर एकीनं विचारलं, "का गं, तुझ्या दादल्यानं किती उचललं होतं?" वहिनींना आधी कळलंच नाही. मग दुसरी म्हणाली, की घर तुमचं, भिंतीवर तुमच्याच सासऱ्यांचा फोटो, मग गोष्ट कुणाची?

फोटो. घराच्या दारावरची नावाची पाटी आम्ही आठवणीनं काढली होती. शिबिरात सांगितलं होतं, की घरच्यांची ओळख पटेल असं काही चौकटीत ठेवायचं नाही. पाटी, कॅलेंडरावरचं नाव, लग्नाचे फोटो. ते सगळं काढलं. पण माजघराच्या दारावर आजोबांचा हार घातलेला फोटो होता, तो काढावा असं आमच्यातल्या कुणाला वाटलं नाही. देवासारखा तो तिथं असायचाच. दोन जागी तो मागं स्पष्ट दिसतो. आणि त्यातल्या एका जागी फिल्ममधला नवरा बायकोच्या हातातनं नोटा घेतोय.

कुणीतरी सभामंडपात मोबाईलवर तेवढाच तुकडा घेतला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. तो वहिनींच्या माहेरी पोचला. त्यांच्या भावाचा फोन आला, की आम्हाला आधी का सांगितलं नाहीस. ज्या दादांनी आयुष्यात वहिनींच्या पैशाला हात लावला नाही, उलट त्यांच्या गटाचा हप्ता कधी चुकला तर स्वतः आणून दिला, त्यांना डेअरीच्या रांगेत लोक टोमणे मारायला लागले. दादांनी आमच्याशी बोलणं सोडलं.

त्या वेळी आमच्याकडं एक आभाराचं पत्र छापून तयार होतं. गटाच्या लेटरहेडवर. "आपण केलेल्या अमूल्य सहकार्याबद्दल आमचा गट आपला सदैव ऋणी राहील." वर 'श्री.' आणि दादांचं नाव. फ्रेमसुद्धा सांगून ठेवली होती. बुधवारच्या बैठकीत ते पत्र मधे ठेवलं आणि आमच्यातली सगळ्यात थोरली, जिला सहीपुरतंच लिहिता येतं, तिनं विचारलं, "यात काय लिहिलंय ते वाचा." वाचलं. ती म्हणाली, "हे कुणालाबी देता येईल. मांडववाल्यालाबी देता येईल."

पत्र फाडलं. ओटी भरू, साडी देऊ, असंही निघालं. ओटी भरायचीच होती, ती भरलीही. पण नळावर जे बोललं गेलं ते ओटीनं कसं मिटणार? ते कुठंतरी शब्दात, सगळ्यांपुढं म्हणायलाच पाहिजे होतं. मग तीन बैठका त्या पत्रावर गेल्या. एक बोलायची, एक लिहायची, बाकीच्या म्हणायच्या, हे खोटं वाटतंय, काढा. शेवटी जे राहिलं ते असं.

"तीर्थरूप आजी, सौ. वहिनी आणि दादा यांना अकराजणींचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला उशीर झाला. आधी एक लिहिलं होतं, ते फक्त दादांच्या नावानं होतं. ते फाडून टाकलं. घर दादांनी हो म्हटल्यावर मिळालं हे खरं, पण दिवसभर ज्या घरात वावरतात त्या वहिनी आणि आजी. त्यांना आम्ही विचारलं नाही. दारात भांडी उचलायला उभ्या राहिलो. वहिनी, त्याबद्दल आम्ही चुकलो.

तीन दिवस तुमचं स्वयंपाकघर आमच्याकडं होतं. गॅसपाशी आमचा दिवा होता आणि मांडणीवर आमची भांडी, म्हणून तुम्ही परसदारी तीन दगडांची चूल मांडून घरच्या पाचजणांचा स्वयंपाक केला. भाकरीचे डबे आम्ही आमचे आणत होतो, पण चहा तुमचा होता, दिवसातनं दोनदा, चौदाजणांचा. दुधाचा हिशेब आम्ही विचारला तेव्हा तुम्ही हसलात. आम्ही तो अंदाजानं मांडला आहे, दिवसाला दीड लिटर. डेअरीला तेवढं कमी गेलं.

फिल्ममध्ये जात्यावर ऊन पडतं तो भाग लोकांना सगळ्यात आवडला. ते आमचं डोकं नव्हे. आम्ही तिथं संध्याकाळी शूटिंग करणार होतो. तुम्ही सांगितलं, की माळवदाच्या झरोक्यातलं ऊन सकाळी नऊला जात्यावर येतं, अकराच्या आत सरकत दाराशी जातं, मी रोज त्याच उन्हात तांदूळ निवडते. तुमचं ऐकलं म्हणून तो भाग दीड तासात एका दमात झाला. मधे थांबलो असतो तर एका वाक्याला ऊन जात्यावर आणि पुढच्या वाक्याला उंबऱ्यावर दिसलं असतं. फिल्मच्या शेवटी जिथं नावं येतात, तिथं उजेडाच्या कामात तुमचं नाव घालायचं होतं. तुम्ही नको म्हणालात, म्हणून इथं लिहितोय.

दादा, पहिल्या दिवशी आम्ही दोन्ही हॅलोजन एकाच बोर्डाला लावले आणि फ्यूज उडाला. एक दिवा हजार वॉटचा. तुम्ही तार बदलून दिली आणि एक दिवा मोटारीच्या मोठ्या प्लगला लावायला सांगितलात, म्हणून काम चाललं. दोन दिवे, रोज तीन तास, तीन दिवस, म्हणजे १८ युनिट. तुमचं बिल एरवी ९० युनिटांच्या आसपास असतं. आमच्यामुळं ते १०० च्या वर गेलं आणि १०० च्या पुढं दर चढतो. बिल आम्ही पाहिलं आहे. तुम्ही म्हणालात, घर भाड्यानं दिलं नव्हतं. ते खरं. पण वीज तुमच्या घरात पिकत नाही. तेवढे पैसे पाकिटात आहेत, परत करू नका.

सोप्याच्या भिंतीला आम्ही वायर चिकटपट्टीनं चिकटवली होती. काढताना चार जागी रंग निघाला. तेवढ्यापुरता रंग लावला तर ठिगळासारखा दिसतो, म्हणून पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन हात देऊन रंगवली आहे. छटा थोडी गडद आली आहे. दुकानात तोच डबा मिळाला नाही.

आजी, दुसऱ्या दिवशी आम्ही तुमचा फ्रिज बंद केला आणि तसाच सोडून गेलो. तुमचं औषध आत होतं. त्या सकाळी तुम्ही सव्वानऊपर्यंत उपाशी बसलात. नवी बाटली आणून दिली, पण ते दोन तास आम्हाला परत देता येत नाहीत. आम्ही आलो तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

आता सगळ्यात मोठं. आजोबांचा फोटो आम्ही भिंतीवरून उतरवला नाही आणि त्यामुळं आमची बनवलेली गोष्ट लोकांनी तुमची समजली. या घरात असं कधी झालेलं नाही, हे आम्हाला माहीत आहे. वहिनींचं कर्ज वहिनींनी म्हशीला वापरलं, ती म्हैस गोठ्यात आहे, आणि हप्ते वेळेवर भरले गेले, हे गटाच्या वहीत लिहिलेलं आहे. ही गोष्ट आमच्यापैकी तिघींच्या घरातली आहे. त्या तिघी या पत्राखाली सही करत आहेत.

आम्ही पुढीलप्रमाणे केलं आहे. फोटो दिसतो त्यातला एक भाग काढून टाकला. दुसरा काढला तर गोष्ट तुटते, म्हणून चित्र मोठं करून फोटो चौकटीबाहेर घालवला. त्यानं चित्र जरा अस्पष्ट झालं, होऊ दे. फिल्मच्या सुरुवातीला, नावांच्याही आधी, दोन ओळी घातल्या आहेत, की ही गोष्ट बनवलेली आहे आणि ज्या कुटुंबानं घर वापरायला दिलं त्यांचा तिच्याशी संबंध नाही. ती पाटी सावकाश वाचून होईल इतकी ठेवली आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती आम्ही बोलूनही दाखवली आहे. व्हॉट्सॲपवर गेलेला तुकडा परत आणता येत नाही. ज्यांनी पाठवला त्यांच्या घरी जाऊन आम्ही तो पुसायला सांगितला. पुढं किती गेला ते आमच्या हातात नाही.

इथून पुढं फिल्म गटाच्या बैठकीत आणि गावच्या कार्यक्रमात दाखवू, आणि प्रत्येक वेळी आमच्यातली एक तिथं हजर असेल. यूट्यूबवर टाकायची नाही, असं वहिनींनी सांगितलं आहे. टाकणार नाही. तुमच्यापैकी कुणालाही कधीही वाटलं, की फिल्म दाखवणं थांबवा, तर एक निरोप पाठवा.

हे पत्र आम्ही तुम्हाला देण्याआधी सभामंडपात वाचणार नाही. तुम्ही ऐका, आणि मग सांगा वाचायचं का.

आपल्या,
गटातल्या अकराजणी"

हे असं पत्र. लेटरहेड नाही, वहीच्या कागदाची सहा पानं.

पत्र घेऊन आम्ही सगळ्या गेलो नाही, चौघी गेलो. अकराजणी दारात उभ्या राहिल्या तर मोर्चा आल्यासारखं वाटतं. आजींना वाचता येत नाही. नात नववीत आहे, तिनं मोठ्यानं वाचलं. ती बोर्डाचं आणि फ्यूजचं वाचत होती तेव्हा दादा गोठ्यात होते. ते आत आले नाहीत, पण वैरण टाकायचा आवाज थांबला होता. म्हशीचं आलं तेव्हा वहिनी उठून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आम्हाला वाटलं, ते लिहायला नको होतं. घरातल्या पैशाचं दुसऱ्यांनी लिहिलेलं कुणाला आवडतं? पुढं वहिनींनीच सांगितलं, की नळावर वाचायचं असेल तर तेवढंच वाचा.

पाकीट मात्र दादांनी परत केलं. आम्ही ते दुसऱ्या दिवशी डेअरीवर त्यांच्या दुधाच्या वहीत ठेवलं. ते पुन्हा गटाच्या पेटीवर आलं. असं तीनदा झालं. शेवटी लाइट बिल भरायच्या दिवशी आमच्यातल्या एकीनं त्यांचा ग्राहक क्रमांक देऊन तेवढी रक्कम परस्पर भरली. यावर दादा काय म्हणाले ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही, पण म्हणाले ते आमच्याशी बोलून म्हणाले, आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा बोलले.

पत्र सभामंडपात वाचलं. पाडव्याला फिल्म पुन्हा दाखवली तेव्हा, पडदा लावल्यावर आणि फिल्म सुरू व्हायच्या आधी. सगळं नाही वाचलं. औषधाचं आजींनी वगळायला सांगितलं, माझ्या साखरेची चर्चा गावात नको म्हणाल्या. आज इथं ते वाचलं ते नाव नाही म्हणून. ज्या तिघींच्या घरातली ही गोष्ट आहे, त्या वाचताना पुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक वाचत होती. सभामंडपात पहिल्यांदा कुणी हसलं नाही. नळावर ज्या बाईनं विचारलं होतं, ती मागं बसली होती. ती नंतर वहिनींशी काही बोलली की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

सगळं नीट झालं असं आम्ही म्हणत नाही. वहिनींच्या भावाला अजून वाटतं, की विस्तवाशिवाय धूर निघत नाही. वहिनी त्याला पत्राचा फोटो पाठवणार होत्या, मग म्हणाल्या, नको, तो आला की हातात देते.

एक सांगायचं राहिलं. नातीनं पत्र वाचून संपवलं तेव्हा आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चुकलंय एक."

आम्ही म्हटलं, "काय आजी?"

"तीन दिवस लिवलंय. चार झाले. आदल्या दिशी भांडी हलवायला आलता, तवाच माजं सैपाकघर गेलं."

आमच्याकडं पेन होतं. तिथंच खोडून चार केलं, आणि खाडाखोड केली तर सही लागते म्हणून बाजूला चौघींनी सह्या केल्या.